तेरावा पत्ता आणि तिसरा मजला

डोंबिवलीतली चार मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट नाही. तिथं तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एक बाई टॅरो रीडरसमोर बसल्या आहेत. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर एक फ्लॅट बघून ठेवलाय, जुन्या घराला गिऱ्हाईक मिळालंय, शुक्रवारपर्यंत टोकन द्यायचं आहे. जावं की न जावं, एवढंच त्यांना विचारायचं आहे. रीडरने पत्ते पिसले, बाईंकडून गड्डी कापून घेतली, तीन पत्ते पालथे मांडले. पहिला सुलटा केला तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत. दुसरा सुलटा केला आणि त्यांनी खुर्ची मागे सरकवली. पांढऱ्या घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा, अंगात काळं चिलखत, घोड्याच्या पायांशी मरून पडलेला राजा. वर रोमन आकड्यांत तेरा, खाली ठळक इंग्रजी अक्षरांत ‘डेथ’.

“ताई, आमच्याकडे आप्पा आहेत. सासरे. एक्क्याऐंशी वर्षांचे.”

हा प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे, पण टॅरोच्या टेबलाशी बसणाऱ्यांना तो अनोळखी वाटणार नाही. त्यावर द्यायचं उत्तरही जवळपास ठरलेलं असतं: “घाबरू नका, हे मरणाचं कार्ड नाही, ट्रान्सफॉर्मेशनचं आहे.” हे वाक्य खोटं नाही. टॅरोवरच्या बहुतेक आधुनिक पुस्तकांत या पत्त्याचा अर्थ असाच दिलेला सापडतो. पण घर बदलायला निघालेल्या बाईला ‘बदल होणार आहे’ असं सांगणं म्हणजे भिजून आलेल्या माणसाला बाहेर पाऊस आहे म्हणून कळवणं. ते तिला माहीत आहे, त्याचसाठी ती आली आहे. शिवाय तिने विचारलेली गोष्ट वेगळीच आहे. तिने सासऱ्यांचं वय सांगितलं, ते उगीच नाही.

तेव्हा या पत्त्याचा अर्थ नीट उलगडून सांगायचा तर काय करावं लागतं, ते जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. त्यासाठी आधी या सापळ्याची पूर्वपीठिका.

टॅरोचे पत्ते भविष्य सांगायला जन्माला आले नाहीत. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळण्यासाठी निघाले. त्यांचे सर्वांत जुने लेखी उल्लेख १४४० च्या सुमाराचे आहेत, फ्लॉरेन्स आणि फेराराचे. नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांना जोडून बावीस चित्रांचे खास पत्ते होते, आणि ते हुकुमासारखे चालत. त्यांत मृत्यू होता, कारण त्या काळच्या युरोपात मृत्यू चित्राचित्रांत होता. चौदाव्या शतकाच्या मध्यात आलेल्या प्लेगने माणसं घरंच्या घरं नेली होती, आणि राजा, धर्मगुरू, शेतकरी सगळ्यांना हाताला धरून नाचत नेणारा सापळा ही चर्चच्या भिंतींवरची ओळखीची आकृती झाली होती. मिलानच्या राजघराण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेल्या जुन्या संचात हाच सापळा हातात धनुष्य घेऊन उभा आहे. खेळणारे हा पत्ता टाकत आणि डाव उचलत. कुणी घाबरून उठून गेल्याची नोंद नाही.

पुढे फ्रान्समध्ये छापल्या गेलेल्या, मार्सेय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचांत एक गमतीची गोष्ट आहे. तिथं बाकीच्या चित्रपत्त्यांखाली नाव छापलेलं असतं, आणि तेराव्याखाली बहुधा जागा कोरी असते. नुसता आकडा. चित्रात सापळा कोयत्याने काळी जमीन कापत चालला आहे. जमिनीवर तुटलेले हात, पाय आणि दोन डोकी पडली आहेत, त्यांतल्या एकावर मुकुट आहे. मधूनमधून हिरवे कोंब वर आलेले दिसतात. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे चित्र दाखवलं तर तो आधी ‘कापणी’ म्हणेल, मरण नंतर.

या पत्त्यांत गूढ विद्या दडली आहे ही कल्पना १७८१ ची. कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान असल्याचं लिहून टाकलं, आणि थोड्याच वर्षांत पॅरिसमध्ये एतेय्या या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने त्यावरून भविष्य सांगायची पद्धत छापली. इजिप्तची गोष्ट पुढे टिकली नाही. ब्रिटिश तत्त्ववेत्ता मायकल डमेट याने १९८० मध्ये टॅरोच्या खेळाचा जाडजूड इतिहास लिहून हे पत्ते मुळात खेळाचे होते हे पुराव्यानिशी मांडलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पत्ते खेळाच्या टेबलावरून प्रश्नांच्या टेबलावर आले होते.

आज पुण्या-मुंबईत जो संच सर्रास दिसतो तो १९०९ मध्ये लंडनमध्ये निघालेला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. तिला एकदाच ठोक मोबदला मिळाला आणि तोही फारसा नाही. पुढच्या शंभर वर्षांत जगभर खपलेल्या लाखो संचांचं ऋण मात्र तिच्या कुंचल्याकडे जातं. डोंबिवलीच्या बाईंनी पाहिलेला घोडेस्वार तिचाच.

आणि या ठिकाणी ‘हे मरणाचं कार्डच नाही’ म्हणणाऱ्यांची थोडी पंचाईत होते. वेट यांनी १९११ मध्ये या संचावर सचित्र पुस्तक काढलं. त्यात चित्राचं वर्णन करताना ते एका अवस्थेतून दुसरीत जाण्याबद्दल, बदलाबद्दल बोलतात खरे. पण पुस्तकाच्या शेवटच्या भागात, जिथं भविष्य सांगण्यासाठी एकेका पत्त्याचे अर्थ दिले आहेत, तिथं या पत्त्यापुढे अंत, मर्त्यपणा, नाश असेच शब्द आहेत. बाईमाणसाच्या वाट्याला अडचणी, कुमारिकेच्या वाट्याला मोडलेलं लग्न. म्हणजे संच काढणाऱ्याच्या मनातही दोन्ही अर्थ शेजारी शेजारी होते. ‘रूपांतर’ हा अर्थ पुढे आला आणि दुसरा मागे पडला, तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा अमेरिकेत टॅरो मनाचा आरसा म्हणून वाचला जाऊ लागला. रेचल पोलॅक यांच्या १९८० च्या पुस्तकाने ही वाट रुंद केली. भविष्य सांगण्यापेक्षा माणसाला स्वतःकडे पाहायला लावणं हे रीडरचं काम ठरलं, आणि तेराव्या पत्त्याचं भाषांतर बदललं.

हा इतिहास समोरच्या घाबरलेल्या बाईला ऐकवत बसायचं नसतं, हे उघड आहे. पण रीडरला तो ठाऊक असला की एक फायदा होतो. ‘या पत्त्याचा अंताशी संबंध नाही’ असं ती म्हणत नाही. चित्रात राजा मेलेला आहे. समोरचीला डोळे आहेत.

बाईंच्या भीतीला मात्र फ्रान्स, इटली काही ठाऊक नाही. ती भीती अस्सल इथली आहे. मराठी घरात तेरा हा आकडा आला की तेरावा आठवतो. जागा बदलायची म्हटलं की ‘लाभेल का?’ हा प्रश्न येतो. ‘त्यांना ती जागा लाभली नाही’ हे वाक्य प्रत्येकाने कुणा ना कुणाबद्दल ऐकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्यामागे नव्या घरात गेल्यावर वर्षभरात गेलेला एखादा म्हातारा माणूस असतो. ऐंशीच्या घरातलं माणूस वर्षभरात जाण्याला जागा बदलण्याची गरज नसते, पण गोष्ट सांगताना जागेचंच नाव लागतं. आता या साठ्यावर सापळ्याचं चित्र येऊन पडलं की भडका उडायला वेळ लागत नाही.

तेराव्याबद्दल एक आडवाट. आपल्याकडे तेरावा हा दिवस मरणाचा नसतो. सुतक त्याआधी फिटलेलं असतं. अनेक घरांत तेराव्याला उदकशांत करतात, गोडाचं जेवण होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातली माणसं कामाला लागतात. लंडनच्या चित्रकर्तीच्या मनात हे असणं शक्यच नाही आणि आकड्यांचा हा योगायोगच आहे. तरी समोरच्या बाईंनी स्वतःहून तेराव्याचं नाव काढलं, तर रीडरला ही आठवण करून देता येते.

आधी गणित. टॅरोच्या गड्डीत ७८ पत्ते असतात. तीन पत्ते काढले तर त्यांत हा विशिष्ट पत्ता येण्याची शक्यता २६ मध्ये एक. दहा पत्त्यांची मोठी मांडणी केली तर जवळपास आठात एक. दिवसाला तीन-तीन पत्त्यांच्या चार बैठका करणाऱ्या रीडरला हा घोडेस्वार सरासरी आठवड्यातून एकदा भेटतो. त्याच्या प्रत्येक भेटीमागे कुणाच्या तरी घरात मर्तिक होत असतं, तर टॅरोचा धंदा कधीच बंद पडला असता. घाबरलेल्या माणसाला हे साधं गणित अर्थापेक्षा लवकर पटतं, असा अनेकांचा अंदाज चुकीचा नसावा.

आता खरी कसोटी. बाईंनी विचारलंय, आप्पांना काही होईल का?

इथं दोन चुका होतात. पहिली उघड आहे: गंभीर चेहरा करून ‘जरा जपा’ म्हणणं. दुसरी चूक चांगुलपणातून होते आणि म्हणून लक्षात येत नाही. ‘छे हो, आप्पांना काही होणार नाही!’ हेही भाकीतच आहे. कुणी मरेल हे पत्त्याला कळत नसेल, तर कुणी मरणार नाही हेही त्याला कळत नाही. उद्या आप्पांना दवाखान्यात न्यावं लागलं, तर बाई त्या धीराच्या वाक्यापाशी परत येतील आणि तेव्हा ते वाक्य टोचेल. जाणत्या रीडरचं उत्तर याहून कोरडं असतं. आमच्या रीडरबाई एवढंच म्हणाल्या, “आप्पांच्या तब्येतीबद्दल हा पत्ता काहीच सांगत नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मी तुम्हाला घराबद्दल विचारते.”

खुर्ची थोडी पुढे आली.

या उत्तराला आधार होता, कारण पत्ते काढण्यापूर्वी रीडरने एक काम करून ठेवलं होतं. ‘जावं का?’ हा होय-नाहीचा प्रश्न तिने बाईंच्या संमतीने बदलून घेतला होता: या जागा बदलण्यात कशाकडे लक्ष द्यावं? आणि तीन जागांचे अर्थ आधीच ठरवले होते. पहिला पत्ता आता हाताशी काय आहे ते दाखवणार, दुसरा काय संपतंय ते, तिसरा जाताना काय सांभाळावं ते. ही बांधाबांध आधी केली नाही, तर पत्ते पाहून अर्थ त्यांना चिकटवला जातो, आणि सापळा दिसला की होय-नाहीच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप ‘नाही’ होतं. इथं मृत्यूचा पत्ता नेमका ‘काय संपतंय’ या घरात पडला होता. त्याला शोभेल अशीच जागा, म्हणायची तर.

मग तिने पत्ता बाईंकडे सरकवला आणि त्यात काय काय दिसतंय ते त्यांनाच सांगायला लावलं. ही युक्ती जुनी आहे आणि तिचं कारण साधं आहे: भेदरलेल्या माणसाला चित्रात फक्त कवटी दिसते. नजर बाजूला न्यायला लागते. बाईंना हळूहळू इतर गोष्टी दिसल्या. राजा आडवा पडलाय, मुकुट बाजूला. पिवळ्या झग्यातला धर्मगुरू घोड्यासमोर हात जोडून उभा आहे. एक तरुण मुलगी गुडघ्यावर बसली आहे, तिने मान फिरवली आहे. तिच्या शेजारचं लहान पोर मात्र तोंड वर करून घोड्याकडे बघतंय. मागे नदी आहे, नदीत होडी आहे. अगदी मागे दोन मनोरे आणि त्यांच्यामध्ये सूर्य. तो उगवतोय की मावळतोय हे चित्रावरून सांगता येत नाही. सापळ्याच्या हातात शस्त्र नाही, झेंडा आहे. काळ्या झेंड्यावर पांढरं गुलाबाचं फूल.

“तुमच्या घरात यांतलं कोण कोण आहे?” रीडरने विचारलं.

बाई पहिल्यांदा हसल्या. हात जोडणारा म्हणजे त्यांचा नवरा. दलाल, बँक, सोसायटीचा सेक्रेटरी सगळ्यांना ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणत फिरतोय. टक लावून बघणारा धाकटा मुलगा, त्याने आत्ताच नव्या खोलीत पलंग कुठं ठेवायचा ते ठरवलंय. मान फिरवणारी? थोडा वेळ थांबून बाई म्हणाल्या, “ती मीच असणार.” घर विकायचा विचार वर्षभर चालला आहे आणि त्यांनी अजून एकही कपाट उपसलेलं नाही.

राजाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. रीडरनेही विचारलं नाही.

इथवर आल्यावर ‘रूपांतर’ हा शब्द उच्चारायला हरकत नसते, पण त्याच्यापुढे लगेच नामं यावी लागतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर याने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं’ म्हणून स्वभाववर्णन दिलं. ते किती जुळतं याला मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. ‘तुमच्या आयुष्यात एक पर्व संपून दुसरं सुरू होतंय’ हे वाक्य त्याच जातीचं. ते सगळ्यांना लागू पडतं, म्हणून कुणालाच काही सांगत नाही. हा आक्षेप टॅरोवर नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. पत्त्यांत काही शक्ती असते असं न मानणाऱ्यानेही एवढं मान्य करायला हरकत नाही, की समोर ठेवलेलं चित्र माणसाला बोलतं करू शकतं. त्याची किंमत तेवढीच, आणि ती बोलण्यात काय बाहेर येतं त्यावर ठरते.

तेव्हा रीडरने विचारलं, “संपतंय म्हणजे नेमकं काय काय? मोठं मोठं नको. रोजचं सांगा.”

बाईंनी सांगायला सुरुवात केली ती स्वयंपाकघराच्या चौकटीपासून. तिथं दोन्ही मुलांची उंची दरवर्षी पेन्सिलने मांडलेली आहे, नवा मालक रंग काढणार. समोरच्या काकूंकडे ठेवलेली किल्ली. गणपतीत इमारतीच्या गच्चीवरचं एकत्र जेवण. सासूबाईंचं कपाट: त्या चार वर्षांपूर्वी गेल्या, त्यांची लुगडी अजून तशीच आहेत, कपाट नव्या घरात मावत नाही. आणि शेवटी आप्पांचा कट्टा. खाली वाण्याच्या दुकानापाशी एक दगडी कट्टा आहे, तिथं संध्याकाळी पाच ते सात चार म्हातारे बसतात. आप्पांना गुडघ्यामुळे तीन मजले उतरायला दहा मिनिटं लागतात, चढायला त्याहून जास्त. तरी ते रोज उतरतात.

फ्लॅट घेण्याचं मुख्य कारण आप्पांचे गुडघे. लिफ्ट हवी म्हणून ठाणं. त्या लिफ्टने आप्पा खाली येतील तेव्हा खाली कट्टा नसेल, गाड्यांची रांग असेल. हे घरात कुणी बोललं नव्हतं.

उतारवयात जागा बदलण्याचा ताण हा काही टॅरोचा शोध नाही. परिचारिकांच्या शास्त्रात त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा आहे. जागा बदललेल्या वृद्धांमध्ये गोंधळणं, झोप उडणं, जेवण कमी होणं, एकटं पडणं अशी त्याची लक्षणं सांगितली जातात. त्यावरचे उपायही साधे आहेत. माणसाला निर्णयात घ्यावं, नवी जागा आधी दाखवावी, ओळखीच्या वस्तू ओळखीच्या जागी मांडाव्यात, रोजचा क्रम मोडू देऊ नये. बाईंना वाटणाऱ्या भीतीच्या आत हे एवढं खरं दडलेलं होतं. ‘काही होणार नाही’ म्हणून ती भीती पुसून टाकली असती, तर हेही पुसलं गेलं असतं.

उरलेले दोन पत्ते पटकन पाहू. पहिला फोर ऑफ पेंटॅकल्स: मुकुट घातलेला माणूस एक नाणं छातीशी कवटाळून बसलाय, एक डोक्यावर, दोन पायांखाली. तो हललाच तर काहीतरी घरंगळणार. हे जुनं घर घट्ट धरून ठेवणं झालं. तिसरा सिक्स ऑफ स्वोर्ड्स, आणि घर बदलण्याच्या प्रश्नात यापेक्षा बोलका पत्ता मिळणं कठीण. नावाडी होडी ढकलतोय, होडीत शाल पांघरलेली बाई आणि पोर पाठमोरी बसली आहेत. एका बाजूला पाणी खळबळतं, दुसऱ्या बाजूला संथ. पण होडीच्या पुढच्या टोकाला सहा तलवारी उभ्या रोवलेल्या आहेत आणि त्याही बरोबर चालल्या आहेत. जाताना सगळंच मागे राहत नाही, बोचणारंही सोबत येतं. मांडणीतलं त्याचं स्थान होतं, काय सांभाळावं. बाईंनी लगेच सासूबाईंच्या कपाटाचं नाव घेतलं.

हे पत्ते वेगळे आले असते तर? तर चौकट, कपाट, कट्टा कदाचित दुसऱ्या वाटेने बाहेर आले असते, किंवा आलेच नसते. पत्त्यांनी आप्पांचा कट्टा ‘ओळखला’ असं म्हणण्यात अर्थ नाही. आणि चित्रांनीच भ्यायचं ठरवलं, तर घराच्या प्रश्नात तेराव्यापेक्षा सोळावा पत्ता जास्त भीतिदायक आहे. त्यात मनोऱ्यावर वीज पडून माणसं खाली कोसळताना दिसतात. त्याचं नाव नुसतं ‘टॉवर’ आहे, म्हणून घोडबंदर रस्त्यावर फ्लॅट बघणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

तेराव्यानंतर गड्डी थांबत नाही, ही गोष्ट खेळाच्या काळापासूनची आहे आणि अर्थ सांगताना उपयोगी पडते. मृत्यूनंतर आठ चित्रं आहेत. लगेच पुढचं, चौदावं, संयमाचं: एक देवदूत एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओततोय. डबे एका स्वयंपाकघरातून दुसऱ्यात रिकामे करण्यासारखंच काम, फक्त पंख लावून. शेवटच्या एकविसाव्या पत्त्याचं नाव ‘जग’. मृत्यू बावीस चित्रांच्या मध्यापलीकडे थोडासा आहे, टोकाला नाही.

पत्ता उलटा आला असता तर अनेक रीडर त्याचा अर्थ अडून राहणं असा लावतात: संपलेलं सोडवत नाही, म्हणून पुढचं सुरू होत नाही. वेट यांनी उलट्या पत्त्यापुढे जडत्व, गुंगी असे शब्द दिले आहेत. बाईंचा पत्ता सुलटा होता. न उपसलेल्या कपाटांकडे पाहता उलटाही शोभला असता, आणि पत्त्यांचे अर्थ किती सैल असतात याची ही एक खूण धरावी.

अशा बैठकीत बिघाड कुठं होतो ते ओळखणं फारसं अवघड नाही. रीडर तेरावा पत्ता पाहून गप्प होते, सुस्कारा टाकते आणि मग उपाय सुचवते, त्याला पैसे पडतात: तिथून उठावं. कुठल्या तरी महिन्यात ‘जपा’ म्हणून सांगते, तिथूनही. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून ‘थांबा, पुन्हा काढू’ म्हणत चांगला पत्ता येईपर्यंत गड्डी पिसत राहणं हे वरकरणी दयाळूपणाचं वाटतं, पण त्यातून पहिला पत्ता खरंच वाईट होता एवढंच सिद्ध होतं. आणि ‘ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणून हसून पुढच्या पत्त्याकडे वळणं, हा त्यांतला सगळ्यांत सभ्य बिघाड. बाई धीर घेऊन घरी जातात आणि रात्री दोनला त्यांना पुन्हा तो घोडा दिसतो.

टोकन द्यावं की नाही, यावर रीडरने मत दिलं नाही. ते पत्त्यांचं कामच नव्हे. कर्जाचा हप्ता झेपतो का, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का, जुन्या घराचे पैसे आणि नव्याचं देणं यांच्या तारखा जुळतात का, हे कागद वाचून ठरतं, आणि त्यासाठी वकील आणि बँक आहे. तिने फक्त एका कागदावर बाईंनीच सांगितलेल्या चार गोष्टी लिहून दिल्या. चौकटीचा फोटो काढणं. कपाट उपसणं, एका रविवारी, नवऱ्याला सोबत घेऊन. काकूंना सांगणं. आणि शुक्रवारच्या आत आप्पांना ठाण्याची जागा दाखवून आणणं, जमलं तर संध्याकाळी पाच ते सातच्या वेळात.

बाईंनी गुरुवारी आप्पांना रिक्षाने नेलं. घर बघून झालं, लिफ्टने तीनदा वरखाली झालं. इमारतीच्या मागच्या बाजूला देवळाचा पार निघाला, तिथं दोन म्हातारे बसलेले होते. आप्पा त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. रिक्षात बसल्यावर त्यांनी सुनेला एकच विचारलं, इथं सकाळचा पेपर किती वाजता येतो?